उष्ट्यापासून सुरुवात करा : कल्पित संस्कृतीच्या पंगतीविषयी एक तक्रार

१. काल्पनिक साम्राज्यांच्या कादंबऱ्यांत राजवाड्यातील मेजवानीचे प्रकरण ठरलेले असते. सोन्याची ताटे, छप्पन्न पक्वान्ने, केशराचा दरवळ. चार पाने वाचूनही या राज्यात कोण कोणाला जिंकून बसले आहे, हे कळत नाही. माझा आक्षेप नेमका येथे आहे. हे संस्कृतीचे चित्रण नव्हे, ही खानावळीची दरपत्रिका आहे.

२. खरी संस्कृती आपला इतिहास ताटातील विसंगतीत लपवते. आपल्या उपवासाचेच ताट पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शिवाय बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, ही सारी पिके मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या आधी ती आपल्याकडे नव्हतीच.

३. म्हणजे गहू-तांदूळ निषिद्ध आणि सातासमुद्रापलीकडचा बटाटा पवित्र! पोर्तुगीज जहाजांचा सारा इतिहास त्या एका ताटलीत आहे आणि खाणाऱ्याला त्याची गंधवार्ता नाही. कल्पित संस्कृतीत असा एकही पदार्थ नसेल, तर तिला भूतकाळ नाही असे खुशाल समजावे.

४. वर्गरेषा मात्र ताटात कमी आणि ताटाबाहेर अधिक दिसते. मध्ययुगीन युरोपात शिळ्या पावाचा जाड काप हेच ताट असे. श्रीमंत त्यावरचे मांस खात. रस्सा मुरलेला तो काप पुष्कळदा दाराशी उभ्या गरिबांच्या वाट्याला येई. एकाचे ताट हे दुसऱ्याचे जेवण होते.

५. आपल्याला तर हे परके नाही. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीवरील पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे नाव दिले. ‘पूर्णब्रह्म’ म्हणणारा पाटावर बसलेला असतो. पंगत उठल्यावर उरते त्यावर ज्याचे पोट भरते, त्याला विचारून लेखकाने आपली मेजवानी रचावी.

६. आता प्रत्यक्ष रचून पाहू. खाडीकाठचे एक मिठागरांचे राज्य कल्पा. दोनशे वर्षांपूर्वी पठारावरच्या बाजरी खाणाऱ्या टोळ्यांनी ते जिंकले. आज जेते भात खातात. पण प्रत्येक मेजवानीत आधी कोरड्या भाकरीचा तुकडा मोडून बाजूला ठेवतात. कोणी तो खात नाही. स्वारीची आठवण विधी होऊन उरली आहे.

७. जेत्यांना मासा निषिद्ध. पण खाडीकाठी दोन शतके राहून तो टाळणार कोण? म्हणून त्याला ते ‘खाडीची शेंग’ म्हणतात आणि भाज्यांच्या रांगेत वाढतात. आगरी मजूर त्याला मासाच म्हणतो. एका वस्तूची दोन नावे, आणि तोंडून कोणते निघाले यावरून माणसाची जात कळते.

८. मीठ राजाच्या मालकीचे. ते यजमानाने वाढायचे, पाहुण्याने मागायचे नाही. मागणे म्हणजे राजाच्या कोठारावर संशय. तीनशे पानांच्या पंगतीला माणशी दीडशे ग्रॅम धरले तरी पंचेचाळीस किलो तांदूळ शिजतो. भात वर जातो, वेळलेली पेज मागच्या दाराने मजुरांना जाते.

९. आता एके वर्षी बांध फुटतो आणि मिठागरे वाहून जातात. मेजवानी अळणी होते. हे प्रथम कोणाला कळेल? मागच्या दाराशी पेज पिणाऱ्या आगऱ्याला. कारण पेजेला मिठाखेरीज दुसरी चवच नसते. आणि बोलण्याची मुभा नाही तीही त्यालाच. कथानक येथे सुरू होते. केशराचा एक धागाही लागला नाही.

१०. यात हमखास बिघडते ते एका ठिकाणी : पात्रे आपल्याच रीती एकमेकांना समजावू लागतात. आपण कधी पाहुण्याला सांगतो का, की मीठ पानाच्या डाव्या बाजूला का वाढतात? रीत दिसते ती कोणी चुकल्यावरच. म्हणून पंगतीत एखादे लहान मूल किंवा परगावचा सोयरा बसवा. त्याने मीठ मागावे आणि साऱ्या पंगतीचे हात थबकावेत. स्पष्टीकरण नको.

११. ‘वाचकाला चव तर कळली पाहिजे’ असे उत्तर मला नेहमी मिळते. अवश्य कळावी. पण प्रकरणातील पदार्थांची सारी नावे एकदा खोडून पाहा. आधी कोण बसले, कोणी वाढले, कोण उभे राहिले, खरकटे कोणी काढले, एवढ्यावरून सत्तेची उतरंड समजत असेल, तर नावे परत लिहा. नसेल, तर ते प्रकरण पाककृतींच्या पुस्तकाला द्या.

१२. ज्या समाजात पंगतीवरून माणसे वेगळी बसवली गेली, त्या समाजातील लेखकाने मेजवानी निव्वळ सजावट म्हणून लिहावी, हे अज्ञान नव्हे. पाटावर बसल्याची ती सवय आहे.