विश्लेषण : न उडालेला सुरुंग जास्त धोकादायक का? इंदापूरच्या बोगद्यापासून बारामतीच्या खाणींपर्यंत...

नीरा-भीमा नदीजोड बोगद्यासाठी इंदापूर तालुक्यात जमिनीखाली काळा पाषाण सुरुंगाने फोडण्यात आला. बारामती-इंदापूर परिसरातील दगडखाणी आणि शेतविहिरींतही हाच खडक आणि हेच तंत्र वापरले जाते. स्फोटाची भीती सगळ्यांनाच असते, पण सुरुंग उडवल्यानंतरची काही मिनिटे त्याहून घातक ठरू शकतात. ती का, याचा आढावा.

स्फोटके कुठे आणि कशी ठेवतात?

स्फोटकांसाठी परवानाधारक कोठार लागते. त्याला 'मॅगझिन' म्हणतात. नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो' ही केंद्रीय संस्था स्फोटके नियम 2008 नुसार या व्यवस्थेवर देखरेख ठेवते. साठा जितका मोठा, तितके कोठार वस्ती आणि रस्त्यापासून दूर हवे. सर्वांत महत्त्वाचा दंडक म्हणजे डिटोनेटर आणि स्फोटकांच्या कांड्या एकत्र ठेवायच्या नाहीत. कांडी सहसा स्वतःहून उडत नाही, तिला डिटोनेटरचा धक्का लागतो. दोन्ही वेगळे असतील, तर एका ठिकाणच्या अपघातातून दुसरा होत नाही.

कोठारातून किती नग निघाले, किती छिद्रांत भरले आणि किती परत आले, याचा मेळ त्याच दिवशी बसायला हवा. मेळ बसला नाही तर नग हरवला किंवा चोरीला गेला, हे कळते. पण छिद्रात भरलेला आणि न उडालेला डिटोनेटर वहीत 'वापरला' म्हणूनच राहतो. तो शोधायला जागेवरच पाहावे लागते.

सुरुंग उडायचा का राहतो?

समजा, खाणीत 20 छिद्रे भरली आणि ती क्रमाक्रमाने, काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडणार आहेत. आधीच्या छिद्राचा खडक सरकताना शेजारच्या छिद्राकडे जाणारी नळी किंवा वायर तुटते आणि ते छिद्र तसेच राहते. विहिरीत पाणी असेल तर पाण्यात विरघळणारी स्फोटके निकामी होतात. यालाच 'मिसफायर' म्हणतात. आवाज मोजून ते कळत नाही, कारण सगळे स्फोट एका गडगडाटात मिसळतात.

खुणा ढिगाऱ्यात दिसतात. एखाद्या भागातला खडक हललेलाच नसतो, तिथे अवाढव्य धोंडे राहतात, वायरचे टोक बाहेर आलेले असते किंवा कांडीचे तुकडे मातीत दिसतात.

मग काय करायचे?

पहिले काम म्हणजे थांबणे. धातू खाणींसाठीच्या 1961 च्या नियमांत विजेच्या डिटोनेटरसाठी किमान 5 मिनिटे, तर वातीच्या सुरुंगासाठी 30 मिनिटे कोणीही जवळ न जाण्याची तरतूद होती. वात आत हळूहळू धुमसत राहू शकते, म्हणून हा फरक.

त्यानंतर परवानाधारक ब्लास्टरच पाहणी करतो. भरलेले स्फोटक उकरून काढायचे नाही आणि जुन्या छिद्राच्या उरलेल्या तळात पुन्हा ड्रिल घालायचे नाही. ड्रिलचा बिट डिटोनेटरवर लागला तर स्फोट थेट कामगाराच्या हाताखाली होतो. नियमानुसार जुन्या छिद्रापासून कुठेही 30 सेंटिमीटरपेक्षा जवळ येणार नाही, असे समांतर छिद्र पाडून तो भाग पुन्हा उडवतात. त्यानंतरही ढिगाऱ्यात न फुटलेला डिटोनेटर मिळू शकतो, म्हणून जेसीबी लावण्यापूर्वी तपासणी होते.

धोक्याचा परिसर किती?

उघड्या खाणीसाठी 1961 च्या नियमांनी 300 मीटरचा घेर ठरवला. खोल छिद्रांच्या ब्लास्टिंगमध्ये 500 मीटर धरला जातो. प्रत्येक वाटेवर लाल झेंड्यासह माणूस उभा राहतो आणि ब्लास्टरने 'सुरक्षित' म्हणेपर्यंत तो हलत नाही. वस्तीजवळच्या विहिरीत एवढा घेर मिळत नाही. तिथे कमी भार आणि वर वाळूची पोती, लोखंडी जाळी यांचा आधार घेतात.

बोगद्यात घेर मोजून भागत नाही. हवेचा धक्का आणि धूर त्याच नळकांड्यातून पुढे येतात. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. त्यामुळे पंख्यांनी हवा बदलून मापकाने तपासेपर्यंत आत जायचे नसते. शिवाय बाहेर पडण्याची वाट बहुधा एकच असते. 20 नोव्हेंबर 2017 रोजी अकोले येथे याच बोगद्याच्या शाफ्टमधून वर येताना क्रेनची दोर तुटून 8 कामगारांचा मृत्यू झाला. हा अपघात स्फोटाचा नव्हता. पण माणसे बाहेर काढणारी यंत्रणाच कच्ची असेल, तर परिसर रिकामा करण्याचा आदेशही कागदावर राहतो, हे त्यातून दिसले.

नवे काय?

1 एप्रिल 2025 पासून देशात साध्या विद्युत डिटोनेटरवर बंदी आहे. त्यांच्याऐवजी येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये चिप असते. उडवण्यापूर्वी यंत्र प्रत्येक नगाची तपासणी करते, त्यामुळे कोणता नग प्रतिसाद देत नाही, हे आधीच कळते. मात्र सरकलेला खडक किंवा ओली स्फोटके चिपला ओळखता येत नाहीत. स्फोटानंतर थांबून ढिगारा डोळ्यांनी पाहण्याचे काम उरतेच.