'प्रायमरी सिम' नावाचं खूळ

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण फोनशी नाही, फोन लावून देणाऱ्यांशी आहे. मोबाईलच्या दुकानातला पोऱ्या, घरातला इंजिनियर भाचा आणि आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचे हौशी सल्लागार, हे तिघे मिळून म्हाताऱ्या माणसांच्या फोनचं जे काही करून ठेवतात त्याबद्दल आहे.

दुसरं सिम किंवा ई-सिम टाकलं की फोन तीन प्रश्न विचारतो. कॉल कुठून करायचे? मेसेज कुठून पाठवायचे? आणि इंटरनेट कुठलं वापरायचं? सॅमसंगच्या फोनात SIM manager मध्ये गेलात तर Calls, Messages आणि Mobile data अशा तीन वेगळ्या ओळी दिसतात. आयफोनमध्ये शब्द आणि ओळी थोड्या वेगळ्या, पण प्रश्न साधारण तेच. आणि आपला पोऱ्या काय करतो? "काका, प्रायमरी कुठलं ठेवू?" असं एकदाच विचारतो आणि तिन्ही ठिकाणी तेच दाबून मोकळा होतो. तीन प्रश्नांना एक उत्तर. परीक्षेत असं केलं असतं तर मास्तरांनी कान पिळला असता.

माझं म्हणणं असं की 'प्रायमरी सिम' अशी काही वस्तूच नाही. हे तीन प्रश्न एका जातीचे नाहीत. कॉल आणि मेसेजचं सेटिंग फक्त बाहेर जाणाऱ्या गोष्टींसाठी असतं. तुम्ही नंबर फिरवलात तर तो कुठल्या सिमवरून जाईल, एवढंच ते ठरवतं. येणारा कॉल आणि येणारा एसएमएस ज्या नंबरला आला त्याच नंबरवर वाजतो, त्या सेटिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. सिम फोनात आहे, चालू आहे आणि नेटवर्क पकडून आहे, एवढं पुरे. डेटाचं मात्र तसं नाही. तिथे एका वेळी एकच सिम काम करतं, दुसरं गप्प बसतं. आणि परदेशात गेल्यावर पैसे जळतात ते मुख्यतः या तिसऱ्या ओळीत.

हे एवढं नीट कळलं की बाकीचं सोपं आहे. पण ते कुणी सांगतच नाही! आमच्या नाशिकच्या मामांचं उदाहरण घ्या. (मामांची परवानगी घेतली आहे. "लिही, पण रक्कम नीट लिही" म्हणाले.)

मामा-मामी लेकीकडे टोरोंटोला पाच आठवडे जाणार होते. मामांचा भारतातला नंबर पोस्टपेड, नोकरीपासूनचा जुना, आणि बँक, गॅस, पेन्शन सगळं त्यालाच जोडलेलं. भाच्याने (मी नाही, दुसरा) त्यांना प्रवासाचं ई-सिम घेऊन दिलं, फक्त डेटाचं, नंबर नसलेलं. घरच्या वायफायवर ते फोनात चढवूनही दिलं, हे चांगलं केलं. आणि जाताना ठणकावून सांगितलं, "मामा, डेटा रोमिंग काहीही झालं तरी ऑन करू नका."

झालं. टोरोंटोला उतरले, ई-सिमला टॉवर दिसतोय पण नेट नाही. नसणारच! प्रवासाची ही ई-सिमं बहुतेक दुसऱ्याच देशातल्या कुठल्या तरी कंपनीची असतात, म्हणजे ती कॅनडातही पाहुणीच. त्यांच्या ओळीला डेटा रोमिंग ऑन केल्याशिवाय ती चालत नाहीत. सामानाच्या पट्ट्यापाशी एका सज्जनांनी सांगितलं, "रोमिंग ऑन करा, येईल." मामांनी केलं. पण जो पडदा उघडला होता तो भारताच्या सिमचा होता, आणि Mobile data सुद्धा त्याच सिमवर होतं, कारण दुकानात कधीतरी 'प्रायमरी' ते ठरलं होतं. नेट आलं. सगळे खूश. मामींनी माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावून लेकीचं घर, मागचं अंगण आणि अंगणातली खार चाळीस मिनिटं दाखवली. रोमिंगचा पॅक घेतलेला नव्हता. दोन दिवसांचे साडेसहा हजार रुपये.

आता बघा, भाच्याचा सल्ला चुकीचा आणि त्या सज्जनांचाही अर्धवट. डेटा रोमिंग हे फोनचं बटण नाही, सिमचं बटण आहे. प्रत्येक सिमला आपापलं. ई-सिमचं ऑन आणि भारताच्या सिमचं ऑफ, दोन्ही एकाच वेळी हवं. "ऑन करा" किंवा "ऑफ करा" असं नुसतं सांगणारा माणूस दिसला की आधी विचारा, "कुठल्या सिमचं?"

बिलाचा मेसेज आल्यावर ग्रुपवर हलकल्लोळ. आणि मग तो रामबाण उपाय आला, जो दर उन्हाळ्यात येतो: "भारताचं सिम काढून पाकिटात ठेवा." मामांनी काढलं, औषधाच्या डबीत ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात मुदत ठेवीचं काहीतरी करायचं होतं. बँकेच्या साईटने ओटीपी पाठवला. कुठे पाठवला? डबीत! चार वेळा मागवला, मग बँकेने त्या दिवसापुरतं खातं अडवलं, आणि मामांचं ब्लडप्रेशर वर गेलं ते वेगळंच.

या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. सिम काढल्याने पैसे वाचतात हे खरं. घर विकल्याने घरपट्टीही वाचते. जे बंद करायचं होतं ते त्या सिमचं इंटरनेट. नंबर चालू राहायला हवा होता. परदेशात येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत (निघण्याआधी आपल्या कंपनीला विचारून घ्या, आणि त्या नंबरला आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना हेही विचारा, नाहीतर तो तिथला टॉवरच पकडणार नाही). येणारा कॉल उचलला तर मात्र पैसे पडतात. तो कापायचा आणि व्हॉट्सॅपवरून उलटा लावायचा. प्रीपेडवाल्यांनी परत येईपर्यंतची वैधता आधीच भरून ठेवावी. नुसत्या बँकेसाठी ठेवलेल्या नंबरला डेटाचा महागडा पॅक लागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडलं, ते असतात, पण दुकानदार आपणहून दाखवत नाही.

मग मामांचा फोन फोनवरूनच नीट लावला. लेकीने हातात धरला आणि मी इकडून सांगितलं. भारताचं सिम परत घातलं. त्याचं डेटा रोमिंग ऑफ. Mobile data ई-सिमवर, ई-सिमचं डेटा रोमिंग ऑन. Calls ला दर वेळी विचारायला लावलं, म्हणजे चुकून बोट लागून भारताच्या नंबरवरून रोमिंगच्या दराने कॉल जायला नको. Messages भारताच्या सिमवर, कारण नंबर तेवढाच आहे. आणि शेवटी ते सगळ्यात आगाऊ बटण, Auto data switching, ते बंद. एका सिमचं नेट मंदावलं की फोनने आपणहून दुसऱ्यावर उडी मारायची, असं ते आहे. आयफोनमध्ये ते Mobile Data च्या खालीच सापडतं. पुण्यात ठीक आहे, परदेशात नको. भारताच्या सिमचं रोमिंग बंद असलं की ही उडी तशीही अडते, पण दोन कड्या असताना एकच का लावा?

खात्री कशी करायची? वायफाय बंद करा, Mobile data कुठल्या सिमवर आहे ते बघा आणि कुठलंही पान उघडा. तिथे ई-सिम असेल आणि पान उघडलं, तर नेट ई-सिमचं आहे. तिथे भारताचं सिम असेल तर इतका वेळ दुसरंच कुणीतरी पैसे खात होतं. मग वायफाय पुन्हा चालू करायला विसरू नका!

आता एक मुद्दा, ज्यावर काही वाचक माझ्यावर तुटून पडतील. बँकेचा नंबर ई-सिम करू नका. प्लास्टिकचाच ठेवा, आणि डेटा ई-सिमवर घ्या. उलटं नको. परदेशात फोन पडून फुटला तर प्लास्टिकचं सिम लेकीच्या जुन्या फोनात घातलं की दोन मिनिटांत ओटीपी सुरू. भारताचं ई-सिम असेल तर ते नव्या फोनात आणायला खात्री पटवावी लागते, आणि ती खात्री बऱ्याचदा त्याच नंबरच्या एसएमएसवर अडते. किल्ली घरात, दार बंद. शिवाय सिम बदललं की पहिले चोवीस तास त्या नंबरचे एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणूक टाळायला आहे, योग्यच आहे, पण निघायच्या आदल्या रात्री कुणी हौसेने ई-सिम करून घेतलं तर टोरोंटोच्या विमानतळावर बसा हात चोळत.

"पण फोन चोरीला गेला तर चोर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्या फोनात घालेल ना?" घालेल. हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी सिमला पिन लावा, म्हणजे दुसऱ्या फोनात ते आधी चार आकडे विचारेल. फक्त कंपनीने दिलेला मूळ पिन कुठला हे आधी विचारून घ्या, कारण तीनदा चुकला की सिम पीयूके मागतं आणि तो पुन्हा कंपनीकडूनच आणावा लागतो.

अमेरिकेतल्या नातलगांना एक हात जोडून विनंती. तुमच्याकडे 2022 च्या आयफोन 14 पासूनच्या फोनांना सिमचा कप्पाच नाही. आईबाबांना असा फोन भेट देताना बँकेचा नंबर त्यात प्लास्टिकने जाणार नाही, हे आधी सांगत जा. फोन सुंदर आहे, पण त्यांचा नंबर जुन्या फोनातच राहू दे.

आणि हो, परदेशात असताना युपीआयचं ॲप काढून पुन्हा टाकायचं नाही. ते नव्याने सुरू होताना त्याच सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवतं, आणि बाहेर जाणाऱ्या एसएमएसला तिथे पैसे पडतात, कधीकधी तो पोचतही नाही. मामींनी "ॲप अडकतंय" म्हणून काढायला बोट नेलंच होतं.

परत आल्यावरचं एक राहिलं. मुंबईला उतरल्यावर मामांचं नेट पुन्हा गेलं, कारण Mobile data अजून संपलेल्या ई-सिमवरच होतं. आधी ते भारताच्या सिमवर आणायचं, नेट आलं का बघायचं, आणि मगच ई-सिम काढून टाकायचं. मामांनी हे मात्र स्वतःच केलं, टॅक्सीच्या रांगेत उभं राहून, आणि भाच्याला फोन करून सांगितलंसुद्धा.