बाळंतपणाच्या रजेवरून परतलात? स्तनपानाचा ब्रेक किती दिवस मिळतो, हिशेब समजून घ्या

बाळंतपणाची रजा संपवून ऑफिसला परतलेल्या आईला बाळाला दूध पाजण्यासाठी रोज २ पगारी ब्रेक मिळतात. पण हे ब्रेक कधीपर्यंत? इथेच अनेकींचा आणि एचआरचाही हिशेब चुकतो.

नियम काय सांगतो?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातील कलम ११ नुसार नेहमीच्या विश्रांतीच्या सुट्टीशिवाय हे २ ब्रेक द्यावे लागत होते आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत ते सुरू राहत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे २ ब्रेक आणि १५ महिन्यांची मर्यादा तशीच आहे. या ब्रेकसाठी पगार कापता येत नाही.

मोजणी कुठून करायची?

बाळाच्या जन्मतारखेपासून. तुम्ही कामावर कधी परतलात, याच्याशी मुदतीचा संबंध नाही.

समजा, बाळाचा जन्म १० जून २०२५ चा आहे. १५ महिने १० सप्टेंबर २०२६ रोजी पूर्ण होतात. आईने २६ आठवड्यांची सगळी रजा प्रसूतीच्या दिवसापासून घेतली, तर ती ९ डिसेंबरला परतेल आणि तिला ब्रेकसाठी ९ महिने मिळतील. तिने ८ आठवडे आधीच, १५ एप्रिलपासून रजा घेतली असेल, तर ती १४ ऑक्टोबरला परतेल आणि तिच्या हातात जवळपास ११ महिने असतील. त्यापुढे बिनपगारी रजा वाढवली, तरी शेवटची तारीख पुढे सरकत नाही.

त्यामुळे 'परतल्यानंतर फक्त ३ महिने ब्रेक' असे कुणी सांगत असेल, तर ते कायद्याला धरून नाही.

ब्रेक किती मिनिटांचा?

कायद्यात मिनिटे लिहिलेली नाहीत, ती नियमांत ठरतात. खाणी आणि सर्कससाठीच्या १९६३ च्या केंद्रीय नियमांत प्रत्येक ब्रेक १५ मिनिटांचा आहे. बाळ पाळणाघरात असेल, तर जाण्या-येण्यासाठी अंतरानुसार ५ ते १५ मिनिटे जास्त मिळतात.

अडचण कुठे येते?

बाळ घरी आणि ऑफिस तासाभराच्या अंतरावर असेल, तर १५ मिनिटांत दूध पाजणे शक्यच नसते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. तिथे आईला दिवसातून ४ वेळा जाता येते, मात्र या ४ फेऱ्यांत विश्रांतीची सुट्टीही धरली जाते. त्याहून लहान ऑफिसमध्ये अनेकजणी या वेळेत दूध काढून ठेवतात. कायद्यात त्याचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे जागा आणि वेळ आधीच बोलून ठरवलेली बरी.

तुम्ही काय कराल?

रुजू होतानाच एचआरला ई-मेल करा. त्यात बाळाची जन्मतारीख, १५ महिने पूर्ण होण्याची तारीख आणि ब्रेकच्या २ वेळा लिहा. ब्रेक नाकारले किंवा पगार कापला, तर कामगार विभागाकडे तक्रार करताना हाच ई-मेल आणि पगाराची स्लिप उपयोगी पडेल.