बढतीचा शब्द फोनवर नको, कागदावर हवा

नाशिकच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या बी.कॉम. असून खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात पाच वर्षे सीनिअर एक्झिक्युटिव्ह आहेत. पुण्याच्या एका कारखान्यात असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी त्यांची मुलाखत झाली. दोन दिवसांनी प्लेसमेंटवाल्याचा फोन आला, "मॅडम, निवड झाली. फक्त पद सध्या सीनिअर एक्झिक्युटिव्हच राहील. सहा महिन्यांनी असिस्टंट मॅनेजर करतात, नक्की." वर्षाचा पगार सहा लाखांवरून साडेसहा लाख. वडील म्हणतात, "घेऊन टाक, बढती काय, आज ना उद्या येतेच."

वडिलांना दोष देता येणार नाही. त्यांची हयात सरकारी खात्यात गेली. तेथे ज्येष्ठता यादी लागते, पदोन्नती समिती बसते. उशीर होतो, अन्यायही होतो, पण बोट ठेवायला यादी तरी असते. खासगी कंपनीत बहुधा तसे काही नसते.

मुळात फोनवर बोलणारा माणूस कोण, हे पाहा. प्लेसमेंटवाला कंपनीचा नोकर नव्हे. उमेदवार रुजू झाला की कंपनीकडून त्याला कमिशन मिळते, बहुधा वर्षाच्या पगाराच्या काही टक्के. तो खोटे बोलतो असे नाही. पण बढती देणे त्याच्या हातात नाही.

आता तारखांचा हिशेब करू. बाई नोव्हेंबरात रुजू झाल्या, तर सहा महिने मे महिन्यात भरतात. पुष्कळ कंपन्यांत पगारवाढ आणि बढती एप्रिलपासून लागू होते, आणि सप्टेंबरनंतर आलेल्यांना त्या वर्षी धरत नाहीत. म्हणजे यांचे नाव पुढच्या एप्रिलच्या यादीत. सहा महिन्यांचे सतरा महिने झाले, आणि कोणी फसवलेही नाही! सहा महिन्यांनी हातात पडते ते बहुधा कायम केल्याचे पत्र. त्यालाच बढती समजून पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. म्हणून एच.आर.ला आधीच विचारावे : तुमचा आढावा कोणत्या महिन्यात होतो, आणि मी त्यात धरली जाईन का?

त्यानंतर एच.आर. विभागाला ई-मेल करावी, प्रत प्लेसमेंटवाल्याला. मजकूर साधा असावा : "नोकरी देऊ केल्याबद्दल आभार. मुलाखत असिस्टंट मॅनेजर पदासाठी झाली होती. सहा महिन्यांनी ते पद मिळेल असे मला फोनवर कळविण्यात आले. तरी नेमणूकपत्रात पुढील वाक्य घालावे ही विनंती. रुजू झाल्यापासून सहा महिन्यांनी, अमुक तारखेला, कामाचा आढावा होईल, आणि ठरलेली कामे पूर्ण असल्यास त्या तारखेपासून असिस्टंट मॅनेजर हे पद व अमुक वेतन लागू होईल." ठरलेली कामे नावानिशी लिहून घ्यावीत : महिन्याचे हिशेब पाच तारखेपर्यंत बंद करणे, जीएसटीची विवरणपत्रे मुदतीत भरणे. 'समाधानकारक काम' एवढेच लिहिले, तर समाधान कोणाचे, हा वाद उरतो.

"ई-मेलवर हो म्हटले आहे, पुरे झाले," असे समजू नये. नेमणूकपत्राच्या शेवटी पुष्कळदा एक कलम असते : या पत्रापूर्वीची सर्व तोंडी व लेखी बोलणी रद्द समजावीत. त्या एका ओळीने आधीची ई-मेल निकामी होऊ शकते. म्हणून वाक्य नेमणूकपत्रातच हवे. तेही नीट वाचावे. 'बढतीचा विचार केला जाईल' यात काहीच दिलेले नाही, कारण विचार करून नाही म्हणता येते.

लिहून घेतले तरी कोर्ट बढती देववील, अशी आशा धरू नये. उपयोग वेगळा आहे. सहा महिन्यांत साहेब बदलतो. नव्या साहेबाला जुन्याचा शब्द ठाऊक नसतो, फाइलमधला कागद मात्र दिसतो.

कंपनी लिहून देत नसेल, तर भांडू नये. "मग पद आजच द्या, पगार साडेसहाच राहू द्या," असे विचारून पाहावे. तेही नाही म्हणाले, तर बढती मिळणारच नाही असे धरून हिशेब करावा. या भगिनींचा तो हिशेब असा : वर्षाला पन्नास हजार जास्त, त्यातून पुण्याचे घरभाडे, आणि पद तेच. पुढे तिसरीकडे जाताना अनुभवपत्रावरही तेच पद दिसेल. मला तरी हा सौदा पटत नाही. पण सध्याच्या जागी पगारच वेळेवर होत नसेल, तर गोष्ट निराळी.

आणि भगिनी, सही झालेले नेमणूकपत्र हाती पडेपर्यंत नाशिकचा राजीनामा देऊ नका. दोन महिन्यांची नोटीस एकदा सुरू झाली की मागणी करायला तुमच्याजवळ काही उरत नाही. कारखान्याचे उत्तर काय येते, ते कळवा.