मोटर जळाली, पंप जळाला

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रेल्वे नाही. पुणे-नाशिक लोहमार्गाची चर्चा नारायणगाव-मंचरकडे वर्षानुवर्षे चालू आहे, गाडी मात्र अजून यायची आहे. तरीही इथे कोणी ‘ट्रेन चुकला’ म्हणणार नाही. ट्रेन चुकली, बस भरली, फोन आला, तिकीट काढलं, ही वाक्ये शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही बिनचूक बोलतो. या चारही नामांना इंग्रजीत व्याकरणिक लिंग नाही. मराठीत ते ठरवल्याशिवाय क्रियापद हलत नाही. मग ते ठरते कशावरून? माझे म्हणणे असे, की ते वस्तूवरून ठरत नाही. पाहुणा शब्द मराठीत कोणत्या ओळखीच्या शब्दाशेजारी जाऊन बसला आणि त्याचा शेवट कसा आहे, यावरून ते ठरते.

याचा पुरावा विहिरीवर मिळतो. पाणी उपसणारे यंत्र एकच, पण शेतकरी कधी ‘मोटर जळाली’ म्हणतो, तर कधी ‘पंप जळाला’. रानातून गेलेला पाईप फुटला तर तो पुल्लिंगी, आणि तीच पाइपलाइन म्हटली की फुटली. ट्रान्सफॉर्मर जळाला, पण त्यालाच डीपी म्हटले की ती जळाली. वस्तूला लिंग असते तर नाव बदलल्याने ते बदलले नसते. डीपीचे कारण सोपे आहे: ईकारान्त निर्जीव नाम मराठी कानाला बहुधा स्त्रीलिंगी वाटते, म्हणून ट्रॉली, बॅटरी, डेअरी, सोसायटी या सगळ्या ‘ती’. मोटरचे कारण वेगळे असावे. स्टार्टर, ट्रॅक्टर, ट्रान्सफॉर्मर हे शेवटी ‘र’ असलेले शब्द पुल्लिंगी, मग मोटरच तेवढी स्त्रीलिंगी का? कारण ती आधी रस्त्यावर आली. मोटार म्हणजे मोटारगाडी, आणि गाडी ‘ती’. विहिरीवर पोचताना शब्दाने ते लिंग सोबत आणले. बस, ट्रेन, जीप, कार यांच्यामागेही हीच गाडी उभी आहे.

‘लाईट’ हा शब्द तर हे उघडच दाखवतो. इथला शेतकरी थ्री फेजच्या पाळीबद्दल बोलताना ‘रात्री लाईट आली’ म्हणतो, कारण त्याच्या मनात वीज आहे. शहरातल्या घरात ‘लाईट गेले’ असेही ऐकू येते. तिथे दिवे गेलेले असतात. आणि ओट्यावरचा एकच लाईट लावला, तर तो दिव्यासारखा पुल्लिंगी. बिबट्याच्या भीतीने शेतीला दिवसा वीज द्या अशी मागणी होते, तीही ‘दिवसा लाईट द्या’ अशीच. त्या लाईटचा अर्थ दिवा असा कोणी घेत नाही.

यावर पहिला आक्षेप ट्रकचा. तीही गाडीच, मग ‘ट्रक आला’ का? आक्षेप रास्त आहे. टेम्पोचे उत्तर फोटो-रेडिओसारख्या ओकारान्त शेवटात सापडते, ट्रकचे तसे सापडत नाही. व्यंजनावर संपणाऱ्या आणि जोडीला ठळक मराठी शब्द न मिळालेल्या नामांचा ओढा पुल्लिंगाकडे दिसतो. फोन, मोबाईल त्यातलेच. म्हणजे हा नियम नव्हे, कल आहे. दुसरा आक्षेप, की हे सारे हिंदीवरून आले. तसे असते तर तिकीट, स्टेशन, बिल, हॉटेल नपुंसकलिंगी झाले नसते, कारण हिंदीत नपुंसकलिंगच नाही. फारसीलाही व्याकरणिक लिंग नव्हते, आणि तिथून आलेले ‘दुकान’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी झाले. मराठीने निवाडा तेव्हाही आपल्याच घरात केला होता.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि मुद्रितशोधकांचा: एकच लिंग प्रमाण ठरवा, नाहीतर गोंधळ होईल. पण ‘बाग’ हा फारसी शब्द शतकांनंतरही दोन्ही लिंगांत चालतो, आणि त्यामुळे जुन्नरच्या द्राक्षबागेची छाटणी अडलेली नाही. ‘वेळ’ तर अर्थाप्रमाणे लिंग बदलते: जेवणाची वेळ झाली, पण जेवायला वेळ मिळाला नाही. ‘लाईट’ही तेच करतो आहे, त्याला एका लिंगात कोंबले तर वीज आणि दिवा यांतला फरक पुसला जाईल. एका लेखात एका अर्थाला एकच लिंग ठेवावे, एवढी शिस्त पुरे. शब्दकोशांनी मात्र इंग्रजी नामापुढे लिंग लिहिताना ते कोणत्या अर्थाचे, हेही लिहावे. आणि विद्यार्थ्याच्या ‘लाईट गेली’वर लाल रेघ ओढण्याआधी त्याला काय गेले म्हणायचे आहे, एवढे शिक्षकांनी विचारावे.