विशारदची पाटी आणि वस्तीतला ढोलकीवाला

मंगळवार पेठेत आपल्या एखाद्या पोराने तबल्याचा खासगी क्लास काढला, तर पालकांचा पहिला प्रश्न असतो, "परीक्षेला बसवता का?" तो भीमगीतांच्या कार्यक्रमात दहा वर्षे ढोलकी वाजवतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, ही प्रमाणपत्रे उच्चवर्णीयांची मक्तेदारी आहे, आपल्याला नकोत. आम्हाला हे मान्य नाही.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँ गात होते. त्यांना कागद लागला नाही. तेव्हा गुरूचे नाव हेच प्रमाणपत्र होते. पण गुरूच्या घराचा उंबरठा किती जणांना खुला होता? आजही ज्याच्याकडे आडनाव आणि ओळखी आहेत, त्याला कागदाविना विद्यार्थी मिळतात. ज्याच्याकडे त्या नाहीत, त्यालाच कागद लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचा अभ्यासक्रम छापील आहे आणि परीक्षा केंद्रात फॉर्म भरून कुणालाही बसता येते.

हा कागद विद्यार्थी कसे आणतो, हेही समजून घ्या. तीन परीक्षा पास झालेल्या मुलाला दहावीला वाढीव गुण मिळतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, अशा त्या तीन. वर्षाला एक धरली, तर मुलाने सातवीच्या आत क्लासला यायला हवे. म्हणजे पालक शिक्षकाच्या विशारदसाठी येत नाहीत, मुलाच्या गुणांसाठी येतात. पाटीवरचे 'विशारद' फक्त एवढा भरवसा देते, की या माणसाला परीक्षेची वाट माहीत आहे.

आपली पोरे अडतात ती हातात नव्हे, तोंडात आणि कागदावर. केहरवा शंभर तऱ्हांनी वाजवणाऱ्याला परीक्षक म्हणतो, त्रितालाचा ठेका हातावर टाळी-खाली दाखवून म्हणा, मग दुगुन करा. सोळा मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर आणि खाली नवव्या मात्रेवर. ज्याने हे कधी बोलून पाहिले नाही, तो इथे गडबडतो. हे कलेतले उणेपण नाही, सरावातले आहे. रोज पढंत केली आणि ताल वहीत लिहून काढले, की ते भरून निघते.

पण प्रमाणपत्राची मर्यादाही तिथेच आहे. दहावी झाली की गुणांसाठी आलेली मुले क्लास सोडतात. त्यानंतर जी टिकतात, ती शिकवण्यामुळे टिकतात. आणि पायऱ्यांच्या या परीक्षांत आपल्या हलगीला जागा नाही. शासन लोककलेला गुण देते ते प्रयोग मोजून. त्यामुळे हलगी शिकवणाऱ्याला पालकांसमोर ठेवायला वर्षागणिक पायरीच नाही.

म्हणून मित्रांनो, तबल्याची परीक्षा द्या, पाटी लावा आणि हलगी-ढोलकीच्या स्वतंत्र परीक्षेची मागणी जोरात करा. एकासाठी दुसरे सोडू नका.

जय भीम!