टोल कुणाच्या माथी?

गेल्या पावसाळ्यात मी मामाकडे सुरतेला गेलो होतो. एका संध्याकाळी मामेभाऊ, त्याचा मित्र आणि मी असे तिघे स्टेशनवरून टॅक्सीने निघालो. मित्राला कामरेजला उतरायचे होते, आम्हा दोघांना पुढे अंकलेश्वरला जायचे होते. पाऊस कोसळत होता, म्हणून मोबाईलवर भाडे दीडपट झालेले दिसत होते. दुसऱ्या दिवशी मामेभावाने एकूण रकमेला तिनाने भागले. मित्राने निमूटपणे तिसरा हिस्सा दिला. पण पुढच्या खेपेला तो एस. टी.ने गेला. तेव्हापासून हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

सोयीसाठी आकडे धरू. कामरेज २० किलोमीटर, अंकलेश्वर ६०. मूळ भाडे ८०० रुपये, टोल १००. दीडपट होते ते फक्त भाडे, म्हणजे १२००. टोल जसाच्या तसा मागाहून मिळवायचा. एकूण १३००. कुणी टोलसकट दीडपट केली, तर १३५० होतात आणि ५० रुपये फुकट जातात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही वाढीची मर्यादा मूळ भाड्यावरच मोजली आहे. ती २०२० मध्ये दीडपट होती, २०२५ मध्ये दुप्पट झाली.

आता वाटणी. समान वाटणीत प्रत्येकी सुमारे ४३३ येतात. परंतु चोऱ्यासीचा टोलनाका कामरेजच्या पुढे आहे. ज्याने तो ओलांडलाच नाही, त्याने टोल का भरावा? ते १०० रुपये आम्हा दोघांचे. भाड्याचे म्हणाल, तर दीडपटीने दर किलोमीटरला २० रुपये पडतो. पहिल्या २० किलोमीटरचे ४०० तिघांत, पुढच्या ४० चे ८०० दोघांत. मित्राचे होतात १३३, आमचे टोलसह प्रत्येकी ५८३. म्हणजे आम्ही त्याच्याकडून ३०० रुपये जास्त घेतले!

कुणी म्हणेल, दीडपटीचा बोजा ज्याला घाई होती त्याने उचलावा. मला हे पटत नाही. पट सर्वांच्या भाड्याला सारखाच लागतो, त्याने वाट्यांचे प्रमाण बदलत नाही. मात्र दोघे थांबायला तयार असताना एकानेच हट्ट धरला असेल, तर वरचे ४०० त्याचे. तसेच मित्राला घरापर्यंत सोडण्यासाठी गाडी आडवाटेने नेली असती, तर ते जादा अंतर त्याच्या नावे लिहिणे रास्त ठरले असते.

समान वाटणी दिसायला मैत्रीची असते, पण तिचा भार बहुधा आधी उतरणाऱ्यावर पडतो, आणि तो संकोचाने बोलत नाही. म्हणून माझे मत असे, की कोण कोठे उतरणार आणि नाका कोण ओलांडणार, एवढे गाडीत बसण्यापूर्वीच ठरवावे. मित्राला मी ३०० रुपये परत पाठवले. ते त्याने घेतले. त्यावरूनच मला कळले, की ते त्याला जड गेले होते.